सोलापूरहून मुंबईला नोकरीला जाताना: लोकलचा पास कुठून कुठपर्यंत, कोणता आणि कधी काढायचा

सोलापुरात लोकल नाही. आपल्याकडे पास म्हटलं की आठवतो एसटीचा पास, नाहीतर कुर्डुवाडी-सोलापूर रोज ये-जा करणाऱ्यांचा रेल्वेचा पास. त्यामुळे इथली मुलंमुली पहिल्यांदा मुंबईकडे नोकरीला निघतात तेव्हा खोली, डबा, गादी सगळ्याची चौकशी होते, पण पासाचं कोणी विचारत नाही. तिथे गेल्यावर खिडकीवर मागितला की मिळतो, एवढंच ठाऊक असतं. मिळतो हे खरं. पण खिडकीवरच्या माणसाला तुम्ही जे सांगाल तेच तो छापून देतो. तुमची खोली कुठे, ऑफिस कुठे, महिन्यातून दोनदा सोलापूरला जाताना गाडी कुठे पकडता, हे त्याला माहीत नसतं. हा हिशेब आपला आपणच करून जायचा असतो.

मी नोकरीची 11 वर्षं डोंबिवलीत काढली आणि मग सोलापूरला परत आलो. गेल्या डिसेंबरात माझी भाची ऐरोलीतल्या एका कंपनीत लागली, खोली मिळाली डोंबिवलीत. तिचा पास काढताना जे जे आडवं आलं, ते इथे क्रमाने लिहितो. तुमची स्टेशनं वेगळी असतील, पण विचार याच क्रमाने करा.

पहिलं काम: स्टेशनं ठरवा, आणि वाटही

पासावर तीन गोष्टी ठरलेल्या असतात: कुठून, कुठपर्यंत आणि कोणत्या वाटेने. तिसरी गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, आणि दंड भरावा लागतो तो बहुतेक तिच्यामुळेच.

मुंबईत लोकलचे रस्ते अनेक आहेत. सोलापूरहून आपण येतो तो मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, म्हणजे कसारा किंवा कर्जतकडून कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुर्ला, दादर करत सीएसएमटी. सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशी करत पनवेलला जाते ती हार्बर. ठाण्याहून ऐरोली, घणसोली, तुर्भे करत वाशी-पनवेलकडे जाते ती ट्रान्स-हार्बर. आणि चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली, विरार करत डहाणूपर्यंत जाते ती पश्चिम रेल्वे.

आता समजा तुम्ही कल्याणला राहता आणि ऑफिस वाशीला आहे. दोन वाटा आहेत. एक, ठाण्याला उतरायचं आणि ट्रान्स-हार्बर पकडायची. दुसरी, तसंच पुढे कुर्ल्याला जायचं आणि तिथून हार्बरने वाशी. दोन्हीकडून वाशीच येतं, पण पास दोन वेगळे. पासावर ‘व्हाया ठाणे’ असेल आणि तुम्ही कुर्ल्याच्या फलाटावर सापडलात, तर टीसीच्या लेखी ठाण्यापुढे तुम्ही विनातिकीट आहात. ‘साहेब, वाशीचाच पास आहे’ हे तिथे चालत नाही. म्हणून खिडकीवर नुसतं ‘कल्याण-वाशी’ म्हणू नका, ‘कल्याण-वाशी, व्हाया ठाणे’ म्हणा. ॲपमधून काढताना मार्ग निवडायला येतो, तिथे समोर आलेल्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवून पुढे जाऊ नका, वाचा.

ठरलेल्या वाटेवर मात्र पूर्ण मोकळीक असते. मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरा, पुन्हा चढा, दिवसातून चार वेळा जा, रविवारी जा, कोणी अडवत नाही. त्यामुळे दोन जवळजवळच्या स्टेशनांपैकी कोणतं धरावं असा प्रश्न आला, तर लांबच्या स्टेशनाचं भाडं आधी विचारा. लोकलचं भाडं टप्प्याटप्प्याने वाढतं, दर स्टेशनाला वाढत नाही. एक-दोन स्टेशनं पुढचा पास कधी त्याच भाड्यात, तर कधी थोड्याच जास्त पैशांत मिळतो.

भाचीच्या बाबतीत हे मी विचारलं नाही. खोली डोंबिवलीत, ऑफिस ऐरोलीत, म्हणून पास डोंबिवली-ऐरोली व्हाया ठाणे, असं मी तिला सांगून टाकलं. 15 डिसेंबरला पहाटे ती सिद्धेश्वर एक्सप्रेसने कल्याणला उतरली. एक बॅग, एक पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी. फलाटावरूनच तिचा फोन आला.

“मामा, पास डोंबिवलीपासून आहे आणि मी तर कल्याणला उतरलेय. आता काय करू?”

“बाहेर खिडकीवर जा, डोंबिवलीचं तिकीट काढ. पास दाखवत बसू नकोस, तो इथे लागूच नाही.”

तिकीट होतं 5 रुपयांचं. प्रश्न पैशांचा नव्हता. पहाटे सामान घेऊन जिना चढून रांगेत उभं राहायला लागलं, आणि हे दर वेळी सोलापूरहून आल्यावर होणार होतं. सोलापूरच्या गाड्या डोंबिवलीला थांबत नाहीत, कल्याणला थांबतात. आपल्या माणसाने डोंबिवली, ठाकुर्लीकडे खोली घेतली तरी पास कल्याणपासूनच धरावा, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. सकाळी डोंबिवलीला गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून बरेच जण डोंबिवलीहून उलट दिशेने कल्याणला जाणारी गाडी पकडतात आणि तीच गाडी कल्याणहून परत फिरली की बसून येतात. रोजचे प्रवासी हे इतक्या सहजपणे करतात की नव्या माणसाला ती सोयच वाटते. पण डोंबिवलीपासूनचा पास असेल तर डोंबिवली ते कल्याण आणि परत डोंबिवलीपर्यंत तुम्ही विनातिकीट असता. टीसीलाही हे ठाऊक असतं आणि सकाळच्या वेळी तो नेमका तिथेच चढतो. पास कल्याणपासून असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

वर्ग: सेकंड, फर्स्ट आणि एसी

यात फार घोळ घालू नका. पहिला महिना सेकंड क्लासचा पास काढा. फर्स्ट क्लासचा पास कित्येक पटींनी महाग असतो आणि फर्स्ट क्लास म्हणजे एसी नव्हे. बाकडी जरा गुबगुबीत आणि गर्दी थोडी कमी, एवढाच फरक. ऐन गर्दीत तिथेही उभंच राहावं लागतं. महिनाभर जाऊन पाहिलं, अंगाला झेपत नाही असं वाटलं, तर दुसऱ्या महिन्यात बदला. मुलींसाठी सेकंड क्लासमध्येही राखीव डबे असतात, त्यासाठी वेगळा पास लागत नाही.

नवीन माणसाची चूक होते ती डबा ओळखण्यात. गाडी फलाटावर येते, सगळे धावतात, आपणही धावतो आणि समोर आलेल्या दारात शिरतो. तो डबा फर्स्ट क्लासचा असू शकतो. फर्स्ट क्लासच्या डब्यावर बाहेरून लाल-पिवळे तिरपे पट्टे असतात. फलाटावर तो डबा साधारण कुठे लागतो हे दोन-तीन दिवसांत कळतं, तोवर पट्टे बघूनच चढा. सेकंड क्लासचा पास घेऊन त्या डब्यात सापडलात तर भाड्यातला फरक द्यावा लागतो आणि वर किमान 250 रुपये दंड. पास आहे म्हणून दंडात सूट मिळत नाही.

एसी लोकल हा तिसरा प्रकार. तिचा पास वेगळा. साधा फर्स्ट क्लासचा पासही त्या गाडीत आपोआप चालत नाही. तिची दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे चुकून शिरलात तर पुढच्या स्टेशनापर्यंत उतरता येत नाही. गाडीची पाटी लागते तेव्हा ती एसी आहे का हे तिथेच दाखवतात, तेवढं बघायची सवय लावून घ्या. एखाद्या दिवशी तब्येत बरी नसली आणि एसीने जायचं असलं, तर त्या दिवसापुरतं एसीचं वेगळं तिकीट काढणं हा सरळ मार्ग.

मुदत: महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष

हिशेब सोपा आहे, पण तो कोणी करून दाखवत नाही. तिमाही पासाचं भाडं मासिक पासाच्या 2.7 पट असतं, सहामाहीचं 5.4 पट आणि वार्षिकाचं 10.8 पट. समजा तुमचा मासिक पास 200 रुपयांचा आहे. तीन वेळा काढला तर 600 जातात, तिमाही काढला तर 540. सहा महिन्यांचे 1,200 ऐवजी 1,080. वर्षाचे 2,400 ऐवजी 2,160. प्रत्यक्षात अधिभार आणि पूर्णांक यांमुळे दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच.

नीट पाहिलं तर तिन्हीत सवलत सारखीच आहे, दहा टक्के. वर्षाचा पास काढला म्हणून जास्त सूट मिळत नाही. म्हणजे तिमाहीतच पूर्ण सवलत पदरात पडते. त्यापुढे वाचतो तो नूतनीकरणाचा त्रास, आणि वाढते ती जोखीम. कारण वापरायचा राहिलेला पास परत करून उरलेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. कागदी पास हरवला तर दुसरा मिळत नाही. नव्या नोकरीत पहिल्या सहा महिन्यांत काय काय बदलतं ते आठवा: खोलीतला जोडीदार निघून जातो, घरमालक भाडं वाढवतो, कंपनी दुसऱ्या जागेत हलवते. म्हणून पहिला पास महिन्याचाच. खोली आणि ऑफिस दोन्ही टिकणार असं दिसलं की तिमाही. वार्षिक पास मी 11 वर्षांत एकदाच काढला होता.

ज्यांना आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जायचं असतं त्यांनी आणखी एक भागाकार करावा. मासिक पासाच्या भाड्याला एका वेळच्या तिकिटाच्या भाड्याने भागा. जो आकडा येईल तितक्या फेऱ्यांपेक्षा तुमच्या फेऱ्या जास्त होत असतील तरच पास घ्या. जाणं एक आणि येणं एक, अशा दोन फेऱ्या मोजायच्या. फेऱ्या थोड्या कमी पडत असल्या तरी मी पासच घेईन, कारण सकाळी रांगेत वीस मिनिटं गेली तर नेहमीची गाडी जाते.

कॉलेजात शिकायला जाणाऱ्यांना पासात सवलत असते, पण ती घर ते कॉलेज एवढ्याच वाटेची, आणि त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयातून भरून, शिक्का मारून दिलेला फॉर्म लागतो. प्रवेशाच्या कागदांसोबतच तो मागून घ्या.

पास काढणं: खिडकी की मोबाइल

दोन्हीकडे एकच पास मिळतो, फरक आहे तो सुरू होण्याच्या तारखेत. खिडकीवर काढलेला पास त्याच दिवसापासून चालतो. मोबाइलवरून काढलेला नवा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. हा फरक माहीत नसलेली मुलं सकाळी सात वाजता मोबाइलवर पास काढतात, पैसे गेल्याचा मेसेज येतो आणि ती निश्चिंतपणे गाडीत चढतात. टीसी पास बघतो, तारीख उद्याची. पैसे भरलेत, नाव आहे, सगळं आहे, पण आजच्या दिवशी ते विनातिकीट. तेव्हा सकाळी आठवण झाली तर एक तर खिडकीवर जा, नाहीतर मोबाइलवर पास काढून आजच्यापुरतं जायचं-यायचं तिकीट वेगळं घ्या.

मात्र हाच नियम सोलापूरहून निघणाऱ्याच्या फायद्याचा ठरतो. पूर्वी मोबाइलवर तिकीट काढायचं तर त्या स्टेशनाच्या ठरावीक अंतरात असावं लागे. 2024 मध्ये ही बाहेरची मर्यादा काढून टाकली. त्यामुळे रात्री सोलापूरहून गाडीत बसण्याआधी, घरी बसूनच कल्याणपासूनचा पास काढता येतो आणि पहाटे कल्याणला उतराल तेव्हा तो सुरू झालेला असतो. भाचीचा पास आम्ही असाच 14 डिसेंबरला जेवणं झाल्यावर काढला. 15 डिसेंबरला तो सुरू झाला.

पासासाठी आता रेल्वेचं `RailOne` हे ॲप वापरायचं. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, पासाच्या भागात जायचं, नवा पास निवडायचा. मग कुठून, कुठपर्यंत, मार्ग, वर्ग, मुदत आणि ओळखपत्राचा क्रमांक. ज्या ओळखपत्राचा क्रमांक इथे भराल तेच ओळखपत्र रोज खिशात पाहिजे. टीसी पास बघतो आणि मग ‘आयडी’ म्हणतो. पासावर आधारचा क्रमांक आणि तुमच्या हातात कंपनीचं कार्ड, असं चालत नाही. ओळखपत्राशिवाय पास हा पासच धरला जात नाही. माझा सल्ला, जे कार्ड तुम्ही पाकिटातून कधीच काढत नाही त्याचाच क्रमांक द्या.

मोबाइलवरचा पास ॲप उघडून दाखवावा लागतो. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही, दुसऱ्याच्या फोनवर पाठवलेला फोटो तर नाहीच. म्हणजे फोनची बॅटरी संपली की पास नाही. संध्याकाळी ऑफिसातून निघताना फोन दहा टक्क्यांवर असतो अशी ज्यांची सवय आहे त्यांनी खिडकीवरचा कागदी पास घ्यावा. तो प्लास्टिकच्या पाकिटात ओळखपत्राला पाठ लावून ठेवायचा, म्हणजे दोन्ही एकाच झटक्यात दाखवता येतात.

पास हातात आला किंवा फोनवर दिसला की तिथेच उभं राहून वाचा. मी भाचीला फोनवर एकेक शब्द वाचायला लावला. पहिलं स्टेशन, शेवटचं स्टेशन, व्हाया, वर्ग, नाव, ओळखपत्राचा क्रमांक, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख. संपण्याची तारीख हमखास चुकते. 15 डिसेंबरला सुरू झालेला महिन्याचा पास 14 जानेवारीला संपतो, 15 ला नव्हे. 15 ची सकाळ त्यात धरलेली नसते. ‘15 तारखेला काढलाय म्हणजे 15 पर्यंत आहे’ असं म्हणत मी एकदा ठाण्याला पकडलो गेलो होतो. भाडं आणि 250 रुपये भरले. पास पाकिटात होता आणि तारीख ठळक छापलेली होती.

पासाच्या पुढे जायचं असेल तेव्हा

पास ऐरोलीपर्यंत व्हाया ठाणे आहे आणि एखाद्या शनिवारी मैत्रिणीबरोबर दादरला जायचं आहे. कल्याण ते ठाणे पास चालतो. ठाण्यापुढचा मुख्य मार्ग तुमच्या पासात नाही. अशा वेळी ठाणे ते दादर एवढंच तिकीट पुरतं, पण ते आधी काढलेलं पाहिजे. निघतानाच खिडकीवर पास दाखवून ‘ठाण्यापुढे दादरचं तिकीट द्या’ म्हणा. दादरला उतरल्यावर काढू, असं मनात आणू नका. उतरल्यावर काढलेलं तिकीट मागच्या प्रवासाला लागू होत नाही. परत येतानाही तेच, म्हणून जाणं-येणं दोन्हीचं तिकीट एकदमच घ्या.

ठाण्याला गाडी बदलायची असते तिथे नवा माणूस आणखी एका ठिकाणी गोंधळतो. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या 9 आणि 10 नंबरच्या फलाटांवरून सुटतात, मुख्य मार्गाच्या फलाटांपासून पुलावरून बरंच चालावं लागतं. फास्ट गाडीतून ठाण्याला उतरायचं राहिलं तर ती पुढे कुठल्या कुठे थांबते. पास ठाण्यापर्यंतच्या मुख्य मार्गाचा असला की तो उरलेला तुकडा पासाबाहेरचा. पहिले आठ दिवस स्लो गाडीने जा. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण स्टेशनं डोळ्याखालून जातात.

आता सोलापूरकरांच्या अगदी जिव्हाळ्याची गोष्ट. शुक्रवारी रात्री घरी निघायचं असतं. आमच्या शेजारच्या मुलाचं ऑफिस परळला, खोली कल्याणला, पास कल्याण-परळ. सिद्धेश्वरचं आरक्षण त्याने कल्याणपासून काढलं होतं. त्या दिवशी ऑफिसातून निघायला उशीर झाला, तेव्हा त्याने विचार केला की लोकलने कल्याणला कशाला धडपडत जायचं, दादरलाच सिद्धेश्वर पकडू, कल्याणपर्यंत पास आहेच आणि पुढे आरक्षण आहेच. त्यात दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे दादर हे परळच्या अलीकडे येतं म्हणून ते पासात बसतं खरं, पण लोकलचा पास एक्सप्रेसच्या आरक्षित डब्यात चालत नाही. त्यामुळे दादर ते कल्याण त्याच्याकडे त्या गाडीचं तिकीटच नव्हतं. दुसरी म्हणजे आरक्षणाचं तिकीट कल्याणपासून होतं, त्याआधी त्या बर्थवर बसायचा हक्क त्याला नव्हता. दंड झाला, आणि तो देऊन कल्याणपर्यंत दारापाशी उभं राहावं लागलं.

काही ठरावीक गाड्यांत, ठरावीक डब्यांत पासधारकांना मुभा असते. मुंबई-पुण्यातले रोजचे प्रवासी त्याच गाड्यांनी जातात, आणि त्यांचं ऐकून आपली मुलं सगळ्याच गाड्यांना तो नियम लावतात. सोलापूरच्या गाडीला तो लावू नका. आरक्षण काढतानाच विचार करा. ऑफिसहून थेट गाडी पकडण्याची शक्यता असेल तर तिकीट दादरपासूनच काढा. इतक्या लांबच्या प्रवासात दादर आणि कल्याण यांच्या भाड्यात फारसा फरक पडत नाही. नंतर कल्याणहून चढायचं ठरलं तर आरक्षणात चढण्याचं स्टेशन बदलता येतं. पण एकदा ते कल्याण केलं की पुन्हा आयत्या वेळी दादरला चढता येत नाही.

उलट दिशेलाही हेच. सोलापूर-कल्याण तिकीट आहे, पहाटे डोळा लागला, कल्याण गेलं, तर पास आहे म्हणून दादरपर्यंत तसंच झोपून राहता येत नाही.

आणि एक विचारणा दर वर्षी होते म्हणून सांगतो. सोलापूर-पुणे रोजचा पास मिळतो का? नाही. रेल्वेचा पास जास्तीत जास्त 150 किलोमीटरच्या अंतरासाठी मिळतो, पुणे त्याच्या कितीतरी पुढे आहे.

नूतनीकरण, आणि गड्ड्याचा हिशेब

पास संपण्याच्या 10 दिवस आधीपासून त्याचं नूतनीकरण करता येतं. खिडकीवर, एटीव्हीएम मशीनवर किंवा ॲपवर. आधी केलं म्हणून दिवस वाया जात नाहीत. जुना पास 14 ला संपत असेल आणि तुम्ही 8 तारखेला नूतनीकरण केलं, तरी नवा 15 पासूनच सुरू होतो. त्यामुळे महिन्याच्या 1 ते 5 तारखेला खिडकीवर जी लांबलचक रांग लागते तिच्यात उभं राहायची काही गरज नाही. फोनमध्ये संपण्याच्या तारखेच्या चार दिवस आधीची आठवण लावून ठेवा.

मुदत उलटून गेली की नूतनीकरण नाही, नवा पास. आणि मोबाइलवर काढलात तर तो उद्यापासून. म्हणजे मधल्या दिवसाचं तिकीट वेगळं. ‘कालच संपलाय, आज काढणारच होतो’ हे टीसी रोज पन्नास जणांकडून ऐकत असतो.

पण सोलापूरकराने दर वेळी वेळेवर नूतनीकरण करावं असंही नाही. जानेवारीत गड्डा असतो. भाचीचा पास 14 जानेवारीला संपत होता. 12 च्या रात्री ती यात्रेसाठी घरी यायला निघणार होती, आणि 18 च्या रात्रीची परतीची गाडी होती. खोलीतल्या मैत्रिणीने 8 तारखेला स्वतःचा पास वाढवला आणि हिलाही आग्रह केला, विसरशील म्हणून. हिने मला विचारलं. मी म्हटलं, अजिबात करू नकोस. तेव्हा वाढवला असता तर नवा पास 15 जानेवारी ते 14 फेब्रुवारी असा मिळाला असता. 15 ते 18 हे चार दिवस ती नंदीध्वजांच्या मिरवणुकीनंतर घरी, आजीजवळ असणार होती. त्या चार दिवसांचे पैसे फुकट.

त्याऐवजी तिने जुना पास संपू दिला. 18 जानेवारीला दुपारी सोलापुरातूनच ॲपवर नवा पास काढला, तो 19 पासून लागू झाला, 18 फेब्रुवारीपर्यंत. 19 ला पहाटे कल्याणला उतरली तेव्हा तो चालू होता. नवा काढायचाच होता, म्हणून या वेळी डोंबिवलीऐवजी कल्याणपासून काढला, कल्याण-ऐरोली व्हाया ठाणे. नूतनीकरण केलं असतं तर जुनीच स्टेशनं पुढे चालू राहिली असती. स्टेशन, वाट किंवा वर्ग बदलायचा असेल तर जुना पास संपू द्यायचा आणि नवा काढायचा, तो बदल करायची हीच वेळ असते.

दिवाळीत, लग्नसराईत, गावची जत्रा असेल तेव्हा असंच करा. कॅलेंडर घ्या, पास संपण्याची तारीख बघा, परतीच्या गाडीची तारीख बघा. मध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर असेल तर पास संपू द्या आणि परत निघायच्या दिवशी नवा काढा. अंतर एक-दोन दिवसांचंच असेल तर सरळ नूतनीकरण करा. तेवढ्यासाठी आयत्या वेळी नेटवर्क नसणं, पैसे अडकणं यांची धास्ती घेऊन प्रवास करू नये. आणि तिमाही पास काढायचा असेल तर तो यात्रेहून परत आल्यावर सुरू होईल असा काढा.

भाचीचा पुढचा पास तिमाही निघेल. 18 फेब्रुवारीला आत्ताचा संपतो, तोवर खोलीचा करार वाढतोय का ते कळेल. करार वाढला तर 10 तारखेच्या आसपास जुन्या पासाचं नूतनीकरण करताना ॲपमध्ये मुदतीच्या जागी तीन महिन्यांचा पर्याय मिळतो का ते ती आधी बघेल. न मिळाल्यास 18 ला रात्री ॲपवर नवा तिमाही पास काढायचा, म्हणजे 19 पासून तो सुरू.